सोमवारच्या आधीची खुर्ची

नव्या संगणकाचे खोके उघडले की आधी थर्माकोलचा कोरडा वास येतो, मग कोवळ्या प्लास्टिकचा. अमरावतीच्या आमच्या शेतीसल्ला केंद्रात तो वास मला सणासारखा वाटे. कोणीतरी नवे येणार, वाजत राहणाऱ्या एका तरी फोनला आता उत्तर मिळणार.

त्या वर्षांत फोन अखंड वाजत. भातकुलीहून, तिवशाहून, कपाशीवरच्या अळीपासून न उगवलेल्या बियाण्यापर्यंत सगळे त्या तारेतून येई. एकदा नवी सल्लागार रुजू झाली आणि आठवडाभर नुसती बसून राहिली. तिला ना संगणक होता, ना खाते. शेजारी फोन वाजे आणि ती ओढणीचे टोक पिळत बसे. तेव्हा केंद्रप्रमुख म्हणून मी अकोल्याच्या मुख्य कार्यालयाकडे हट्ट धरून, माणूस येण्याआधीच्या तयारीची यादी मंजूर करून घेतली. रुजू होण्याची तारीख आणि पद मनुष्यबळ विभागाने कळवायचे. संगणक, फोन आणि खाती संगणक विभागाने तयार करून तपासायची, पण सुरू करायची ती रुजू होण्याच्या दिवशीच. कोणाला कोणत्या नोंदी दिसाव्यात हे वरिष्ठाने ठरवायचे. टेबल, सोबती आणि पहिल्या आठवड्याचे काम हेही त्याच्याकडेच.

त्या हिवाळ्यात मनुष्यबळ विभागाचा निरोप आला, की सोमवारी एक अधिकारी रुजू होतील. पद लिहिले नव्हते. मी किती काळ सहायक मागत होते. तोच मिळाला असे मी धरून चालले. त्याच्यासाठी खिडकीजवळचे टेबल निवडले, जिथे दुपारी कडुनिंबाची सावली हलत येते. त्याला शेतकऱ्यांच्या जुन्या नोंदी पाहता याव्यात, मात्र शिवारभेटींची मंजुरी माझ्याकडेच राहावी, असे संगणक विभागाला कळवले.

शनिवारी संगणक विभागाचा माणूस खोके घेऊन आला. अमरावतीचाच, पानाचा तोबरा भरलेला, हाताचा चपळ. तारा जोडता जोडता त्याने सहज विचारले, "मॅडम, तुमचं खातं सोमवारी सकाळीच बंद करू, का दुपारलोक राहू देऊ?"

"माझं? काहून?" एरवी कार्यालयात न निघणारी माझी घरची बोली तोंडातून निघून गेली.

त्याचे हात थांबले. "नव्या साहेबाले केंद्रप्रमुखाचा प्रवेश द्याचा हाय ना. तुमी वेगळं लिहिलं होतं, म्हणून मी अकोल्याले विचारलं. मोठ्या साहेबाचीच मंजुरी आली. मंजुरीचं खातं केंद्रात एकच राहते." मग हळू आवाजात म्हणाला, "मले वाटलं, तुमाले मालूम असन."

फोन वाजत होते. मला त्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. खिडकीतली सावली टेबलावर तशीच हलत होती आणि ते टेबल कोणासाठी मांडले, हे मला आत्ता कळत होते.

मनुष्यबळ विभागातल्या बाईंना फोन लावला.

"अग्गोबाई, पत्र पोचलं नाही? बदली आहे ताई, अकोल्याला. मुख्य कार्यालयात. लोक वशिले लावतात यासाठी."

"मग तिथे माझी यादी कोणी केली? टेबल, खातं, प्रवेशाचं कार्ड?"

त्या मनापासून हसल्या. "तुमची कशाला? तुम्ही काय नव्या आहात का?"

सोमवारी तो तरुण अधिकारी आला. नम्र होता. खुर्चीवर बसला, खाते उघडले, आणि चहा येण्यापूर्वी त्याने पहिला फोन घेतलासुद्धा. मी आखलेले सगळे बिनचूक चालले होते. माझ्या पडद्यावर मात्र मी परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा भरत होते आणि तो पुन्हा पुन्हा परत येत होता. संगणकवाल्याने शनिवारी जाताना दुपारपर्यंत ठेवतो म्हटले होते. अकोल्याने सकाळीच बंद करायला लावले.

मी किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवत असताना तो उठून उभा राहिला. म्हणाला, "इतकी तयारी माझ्यासाठी कोणीच केली नव्हती, मॅडम."

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या फाटकाशी उतरले. पिशवीत डबा आणि टेबलावरचा पितळी कागददाब. अमरावतीचेच कार्ड यंत्राला लावले. लाल दिवा लागला. पुन्हा लावले, पुन्हा लाल. ज्या इमारतीकडून ती यादी मी मंजूर करून घेतली होती, तिच्या सावलीत मी उभी होते. पहारेकऱ्याने टेबलावरच्या कागदातल्या नावांवरून बोट खालपर्यंत फिरवले, मग मान वर करून मला नीट न्याहाळले आणि विचारले,

"कोन?"