काल गोळी कशासोबत घेतली?

हर्सूलकडच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात मी परिचारिका आहे. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या देणं आणि त्या कशा घ्यायच्या ते सांगणं, हे माझं रोजचं काम. उपाशीपोटी घ्या, लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा-दूध मागेपुढे तास-दोन तास नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी जेवणासोबत. हे मी झोपेतही म्हणू शकते. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर चहाच्या कपावर लाल फुली मारलेलं चित्र आहे, तेही मीच काढलंय. कप जरा लोट्यासारखा दिसतो, पण फुली झकास आहे.

तर अशा या तज्ज्ञ बाईचं स्वतःचं हिमोग्लोबिन ७.९ निघालं.

गर्भाशयात गाठी होत्या आणि पाळीला दर महिन्याला इतकं जायचं की जिना चढताना मध्येच बसावं लागे. क्रांती चौकाजवळच्या डॉक्टर मॅडमनी ऑपरेशन सांगितलं आणि अट घातली, "दहाच्या वर गेल्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही, सिस्टर." रक्तस्राव आटोक्यात ठेवायला एक गोळी, लोहाची एक आणि वयाच्या मानानं कॅल्शियमची एक. घ्यायचं कसं ते मला सांगायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांना तसं वाटलं याचं मला जरा बरंच वाटलं.

आमच्याकडे पहाटे साडेपाचला चहा होतो आणि तो नवरा करतो. सहाला त्यांची वाळूजच्या कंपनीची बस असते. दिवसभर मी सगळ्यांचं करते. मला कुणी आयतं करून देतं ते एवढं एकच. आलं ठेचलेला चहा, समोर ते, बाहेर अजून अंधार. त्या चहासोबत मी लोहाची गोळी घ्यायला लागले, आणि विसरायला नको म्हणून कॅल्शियमचीही त्याच घोटात. दुपारी घेऊ म्हणून दोनदा पर्समध्ये ठेवून पाहिली होती. दोन्हीदा गोळी पर्समध्येच मुक्कामाला राहिली. शिवाय शौचाला काळी व्हायला लागली होती, म्हणजे गोळी लागू पडतेय, अशी मी मनाची समजूत घातली. तो काळेपणा न शोषलेल्या लोहाचा असतो, हेही मीच बायकांना सांगते.

महिन्यानं रिपोर्ट आला. ८.१.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "नियमित घेताय ना?"

"हो मॅडम."

"कशासोबत?"

"उपाशीपोटी, लिंबूपाण्यासोबत. चहा-दूध लांब."

एकही अक्षर अडखळलं नाही. भिंतीवरचं चित्र वाचून दाखवावं तसं बोलून गेले. छप्पन्न गरोदर बायकांसमोर ज्या तोंडानं मी हेच सांगते, त्याच तोंडानं खोटं बोलायला लाजही वाटली नाही. लाज नंतर आली, कारण मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"एवढं नीट घेऊनही चढत नाही, रक्तस्रावही कमी झालाय, म्हणजे आतड्यात शोषलंच जात नाहीये. आधी दुर्बिणीनं तपासून घेऊ. मग सलाईनमधून लोह देऊ. ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल."

पोटात दुर्बीण! एका कपापायी! तरीही मी मान हलवून बाहेर आले. रिक्षात बसल्यावर तोंडावर हात ठेवून मला हसू आलं, आणि मग भीती वाटली. ऑपरेशन पुढं गेलं तर आणखी एक-दोन पाळ्या एवढ्या कमी रक्तावर काढाव्या लागणार होत्या. मागच्या पाळीत मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते.

दुसऱ्याच दिवशी केंद्रात गरोदर बायकांची तपासणी होती. आठव्या महिन्यातली एक पोरगी समोर आली. तिचं दोन महिने ८.६ वरच अडलेलं. मागच्या वेळी मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, गोळ्या फेकून देतेस म्हणून.

"घेतेस ना?" मी विचारलं.

"लेती ना सिस्टर. खाली पेट, लिंबू पानी के साथ. चाय नक्को, दूध नक्को."

शब्द तेच, चालही तीच. माझीच पोपटपंची मला परत ऐकू आली. पुन्हा झापायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"मी चहासोबत घेते," मी म्हणाले. "महिनाभर. आणि काल डॉक्टरला खोटं सांगून आले."

ती आधी घाबरली. मग ओढणी तोंडावर धरून अशी हसली की तिचं पोट हलायला लागलं. हसणं थांबल्यावर म्हणाली, "सिस्टर, सच्ची बोलूं? सासू म्हणते गोळी गरम पडती, बच्चे को तकलीफ होती. म्हणून गिलासभर दूध के साथ देती. दोन्ही गोळ्या एकदम."

"दोन्ही एकदम का?"

"तुम्हीच एका पिशवीत देता ना."

ते खरं होतं. लोह आणि कॅल्शियम मीच एका पिशवीत भरून देत होते. म्हणजे ही बिचारी दोन महिने रोज इमानानं गोळी गिळत होती आणि मी तिला चोर ठरवलं होतं. मला खूप वाईट वाटलं आणि मी ते तिला तसंच सांगितलं. मग सासूबाईंना आत बोलावलं. दूध बंद करायचं नाही, फक्त रात्री, असं ठरल्यावर त्या राजी झाल्या. लोह अकरा वाजता लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम जेवणासोबत.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "सिस्टर, दुर्बिणीची तारीख रद्द करते. सहा आठवडे खरंखुरं घ्या."

नवऱ्याला सांगणं त्याहून अवघड गेलं. ते ऐकून म्हणाले, "मग लई आधी सांगायचं ना. मी काय चहावाला हाय का, रोज पाजायलाच बसलोय?" दुसऱ्या दिवशी साडेपाचला लिंबूपाणी आलं. माझा चहा सातला, ते गेल्यावर, माझा मीच. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की दूध रोज उरतंय. विचारलं तर म्हणाले, "कंपनीत पितो की." तिथल्या मशीनच्या चहाला ते गेली वीस वर्षं नावं ठेवत आलेत.

त्या पोरीचं महिन्याभरात ९.७ झालं. मी दोन गोळ्यांच्या दोन पिशव्या करायला लागले, आणि 'घेता ना?' हा प्रश्न सोडून दिला. त्याला हो याशिवाय दुसरं उत्तरच नसतं. आता मी विचारते, काल गोळी घेतली तेव्हा हातात काय होतं? निम्म्या बायकांच्या हातात चहा असतो. इतकी वर्षं मी त्या सगळ्यांच्या नावांपुढे बरोबरची खूण करत आले.

माझं सहा आठवड्यांनी १०.४ आलं. ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घालून मी बाकावर बसले होते. तिथली तरुण सिस्टर यादी घेऊन आली.

"रात्री बारानंतर काही खाल्लं-प्यायलं?"

"नाही."

"चहा? घोटभर?"

"नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. पंचवीस वर्षं मीच ती वापरलीय. मग तिनं, मी करते तसंच, माझ्याकडे पाठ फिरवली आणि घरच्या माणसाला विचारलं, "काका, खरं बोलतायत ना?"

"खरं हाय," नवरा म्हणाला. "हिनं पाण्याचा थेंबबी घेतला नाय. मी बी नाय घेतला."

"तुम्ही कशाला नाही घेतला? तुमचं थोडंच ऑपरेशन आहे?"

ते माझ्या चपला पिशवीत भरायला लागले. उत्तर मला येत होतं, पण सांगताना रडू आलं असतं, म्हणून मी तिच्या हातातलं पेन घेऊन यादीवर सही करून दिली.