बायकोचं नाव घातलेली पीडीएफ

बायकोला जाऊन आठ महिने झाले. तिच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडं एकच होतं, फोनमधले मेसेज. मी साताऱ्यात एका कारखान्यावर वॉचमन होतो, ती कुंडलला शेत आणि म्हैस बघायची. दोघंही चौथी शिकलेलो, तरी रोज टाईप करायचो. आता त्या फोनची बॅटरी फुगली होती, मधेच बंद पडायचा. तो गेला की तीही गेली, असं वाटायचं.

सांगलीची लेक म्हणाली, "दादा, चॅट एक्स्पोर्ट करून पीडीएफ करून ठेवा." मला काय कळतंय! स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईनं चॅट उघडलं, वरचे तीन ठिपके दाबले, 'मोर', मग 'एक्स्पोर्ट चॅट', फोटो वगळून. तिच्या मेलवर फाईल आली. उघडली तर नुसता गर्दीचा बाजार. तारीख, वेळ, नाव, मेसेज, ओळीला ओळ चिकटलेली.

"बाबा, हे कुंडल कोण?"

"माझी बायको."

"कुंडल नाव?"

"न्हाई गं, गाव हाय. फोनात नाव कसं घालायचं? आमच्यात बायकोचं नाव घेत न्हाईत."

"आवं, रेकॉर्ड करायचंय ना? उद्या नातवंडं विचारतील, ह्या कुंडलला आजोबांनी रोज 'जेवलीस का' का विचारलं?"

लग्नात एकदाच नाव घेतलं होतं, तेही मागनं कुणी ढोसलं म्हणून. पुढं सगळा संसार 'आगं'वर भागला. मी नाव सांगितलं. तिला ऐकूच गेलं नाही. परत मोठ्यानं सांगितलं. दुकानातल्या दोघांनी वळून बघितलं. बघू देत.

तिनं 'कुंडल'च्या जागी नाव एकदमच बदललं. मग वाचलं आणि फिसकन हसली. मेसेजमध्ये 'कुंडलला लय पाऊस झाला' होतं, तिथंही बायकोचंच नाव बसलं होतं. तिच्यावर लय पाऊस! मीही हसलो, आठ महिन्यांत पहिल्यांदा. बाईनं ते मागं घेतलं आणि वेळेनंतरची आडवी रेघ, कुंडल आणि पुढचे दोन ठिपके, एवढं जिथं एकत्र होतं तिथंच नाव बदललं. मग दर दिवसाची तारीख वर जाड अक्षरात, खाली तिचं नाव आणि माझं, मधे मोकळी ओळ.

पहिल्यांदा मी म्हैस व्याली तो दिवस शोधला. सापडला. 'रेडी झाली. तुमी या.' मी त्या दिवशी गेलो नव्हतो. तरी तो मेसेज तसाच राहू द्या म्हणालो.

पीडीएफ लेकीला पाठवली, एक छापून घेतली. चार दिवसांनी फोन कायमचा बंद पडला. पडू दे. आता चहा झाला की एक पान मोठ्यानं वाचतो, आणि नाव आलं की आता थांबत नाही.