दोन कप चहाचं कार्ड

उस्तादांचा नियम मला जाच वाटायचा. माझं दुकान मीरा रोड स्टेशनजवळ, एक कॉम्प्युटर, एक रंगीत प्रिंटर आणि बसायला दोन स्टुलं. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, हॉटेलांची मेनू कार्डं असं काम चालायचं, आणि नया नगर जवळच असल्यामुळे पुष्कळ कामात उर्दू लागायची. ती नया नगरातले एक उस्ताद टाइप करून द्यायचे. उभा जन्म बोरूने वर्तमानपत्राचे मथळे लिहिण्यात घालवलेला माणूस, साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला. त्यांची अक्षरं माझ्या प्रोग्राममध्ये नुसती पेस्ट केली की सुटी सुटी व्हायची आणि उलट्या रांगेत उभी राहायची. म्हणून ते अख्खी ओळ चित्र करून सीडीवर द्यायचे. चित्र म्हटलं की मला सोपं. उचला, ठेवा, लहानमोठं करा.

फक्त छापण्याआधी प्रूफ त्यांच्याकडे न्यायचं. ते मोठ्याने वाचणार, कोपऱ्यात सही करणार, तेव्हा कुठे छापायचं. "बेटी, देखने से नहीं होता, पढ़ना पड़ता है," हे त्यांचं पालुपद. उन्हातान्हात त्यांच्या दुकानापर्यंत पायपीट करताना मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडायचे.

एका शुक्रवारी सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ आले. बाहेरच दोनदा घुटमळले, मग आत येऊन स्टुलावर बसले. त्यांना एकच कार्ड हवं होतं, बायकोसाठी. दुसऱ्या दिवशी लग्नाचा वाढदिवस होता. बायको सात महिन्यांपासून नया नगरात बहिणीकडे राहत होती. वीस वर्षांचा संसार, दोघांचे धर्म वेगळे, दोन्हीकडच्या नातेवाइकांनी टाकलेलं. ते सगळं दोघांनी निभावलं होतं. मोडलं ते निराळ्याच गोष्टीवरून. गिरगावातून इकडे घर हलवताना या काकांनी जुन्या उर्दू वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीत दिला आणि त्यात तिच्या वारलेल्या वडिलांची पत्रं गेली.

"मला सगळं सारखंच दिसलं हो," ते म्हणाले. "ती रडली नाही, भांडली नाही. बॅग भरली."

बायकोला मराठी उत्तम येत होती, ती उर्दू शाळेत शिक्षिका होती. तरी काकांना कार्डावर उर्दूच हवी होती. वीस वर्षं तीच आपल्या भाषेत आली, एकदा तरी आपण तिच्या भाषेत जावं, असं त्यांना वाटत होतं. मराठी ओळी त्यांनी कागदावर लिहून आणल्या होत्या. "तू गेल्यापासून अजूनही दोन कप चहा होतो. एक तसाच गार होतो. परत ये." मला भरून आलं. माझ्यासारख्या खडूस बाईलाही आलं.

मी तो कागद घेऊन उस्तादांकडे गेले. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, आणि सुंदर उर्दू करून एका लांब ओळीत दिली. "मराठी बाएँ सफ़्हे पर, उर्दू दाएँ पर," असंही बजावलं. म्हणजे कार्ड उघडलं की डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर उर्दू. "और प्रूफ लाना."

दुकानात येऊन ओळ उजव्या पानावर ठेवली तर ती मावेना. लहान केली तर उर्दूची ती उतरती अक्षरं मुंगीएवढी झाली. मग मी ओळ मधोमध तोडली. चित्रातली अक्षरं मोकळी केली की त्यांची टिंबंही मोकळी होतात, आणि एक टिंब गळलं तरी शब्द बदलतो, हे मला उस्तादांनी शिकवलेलं होतं. मी एकेक टिंब जपलं. डावीकडचा अर्धा भाग उचलून वर ठेवला, उरलेला खाली. उर्दू उजवीकडून असते एवढं मला ठाऊक होतं, म्हणून दोन्ही ओळी उजव्या कडेला नीट टेकवल्या आणि स्वतःवरच खूश झाले.

उर्दू मला वाचता येत नव्हती.

काका दुपारी दोनलाच हजर. उस्तादांचं दुकान नमाजासाठी बंद, चारला उघडणार. काकांनी स्क्रीनवर ओणवं होऊन पाहिलं. "ताई, कुणाला दाखवून घ्यायचं का? मी थांबतो की."

"काही गरज नाही हो," मी म्हणाले. "रोजचं काम आहे माझं."

खरं सांगायचं तर मला भूक लागली होती आणि दुकान बंद करून पेणकरपाड्याला घरी जायचं होतं. कार्ड छापलं, घडी घातली. त्यांनी ते शर्टाच्या खिशात न ठेवता दोन्ही हातांत धरून नेलं.

चार दिवसांनी ते परत आले. कार्ड माझ्यासमोर ठेवलं. उर्दूच्या वरच्या ओळीपुढे लाल शाईत २ आणि खालच्या ओळीपुढे १ असा आकडा होता, शाळेच्या वहीत घालतात तसा. खाली मराठीत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "वीस वर्षांत माझी ओळ कुठून सुरू होते, एवढंही पाहिलं नाहीत."

तेव्हा मला उमगलं. मराठी ओळ तोडताना डावा तुकडा वर जातो, तसाच मी उर्दूचा नेला होता. तिच्या वाचण्यात आधी शेवट आला होता, आणि सुरुवात खाली.

"काका, ही चूक माझी आहे. मी आत्ता दुसरं छापते. मी स्वतः त्यांना जाऊन सांगते."

"तुमची कशी? तुम्ही ती अक्षरं एक दिवस पाहिलीत. मी वीस वर्षं तिच्या शेजारी बसून पाहिली." ते हसायचा प्रयत्न करत होते. "हातात घेतलं तेव्हा मला छानच दिसलं हो."

माझ्याच्याने राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्ड दुरुस्त केलं, उस्तादांकडून वाचून घेतलं, सही घेतली. काकांकडून पत्ता मागून घेतला होता. जिने चढून बहिणीच्या दाराची बेल वाजवली. काकांच्या बायकोनेच दार उघडलं. हातात वह्यांचा गठ्ठा, कपाळावर चष्मा. मी सगळं सांगितलं. त्यांनी नवं कार्ड घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा असा मऊ झाला की मला वाटलं, झालं, जमलं.

"चूक दुकानात झाली असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पत्रांचंही चुकूनच झालं होतं. पण देण्याआधी कुणाला तरी विचारायचं ना, यात काय लिहिलंय? नया नगरात उर्दू वाचणारा माणूस मिळाला नसता?"

"त्यांनी विचारलं होतं," मी म्हणाले. "मला विचारलं. थांबायलाही तयार होते. मीच नको म्हटलं."

"तुम्हाला येतं वाचता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि हे त्यांनी तुम्हाला विचारलं?"

नाही, विचारलं नव्हतं. बाईंनी कार्डाची घडी नीट मिटली, माझ्या हातात परत दिली आणि पाणी देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं आणि जिना उतरले.