लिफ्टला पर्याय

त्या दिवशी सकाळपासून पर्यायांचा पाय एका जागी ठरत नव्हता. चहा त्यांनी उभ्यानेच घेतला, तोही अर्धा. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधला आणि बायकोने केलेला डबा टेबलावरच विसरून हॉस्पिटल गाठलं.

पर्याय हे काही त्यांचं आडनाव नव्हे. हॉस्पिटलात भिंतीवर, दारावर, कागदावर जे काही मराठीत लिहिलेलं असे ते त्यांच्या टेबलावरून गेलेलं असे. कुणी इंग्रजी शब्द उच्चारला की हे मान वर करून म्हणत, “त्याला पर्याय आहे.” शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी हे इतक्या वेळा ऐकलं होतं, की खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं. घरीही तेच. नात्यातली पोरं त्यांच्यासमोर ‘फ्रीज’ म्हणायलासुद्धा दबकत.

माणूस हट्टी होता, पण आंधळा नव्हता. ‘डॉक्टर’ला त्यांनी कधी हात लावला नाही. ‘डॉक्टरांना, डॉक्टरांकडे’ अशी विभक्ती अंगावर घेऊन जो शब्द इतकी वर्षं घरात वावरतोय त्याला परका कसं म्हणणार, असं ते म्हणत. पण ‘बीपी’च्या जागी ‘रक्तदाब’ आणि ‘ऑपरेशन’च्या जागी ‘शस्त्रक्रिया’ लिहिलेलं लोक सहज वाचतात, याचं श्रेय ते आपल्यासारख्या माणसांच्या चिकाटीला देत. “हे शब्दही पहिल्या दिवशी कुणाला तरी हसू आणणारेच होते,” असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं.

घोडं अडलं ते लिफ्टपाशी.

हॉस्पिटलात आग लागली तर प्रत्येक मजल्यावर कर्ण्यातून एक सूचना वाजणार होती. मजकूर पर्यायांचा. त्यात ‘उद्वाहन’ होतं. सुरक्षा बघणारा माणूस, ज्याला सगळे सेफ्टीवाले म्हणत, तो कागद घेऊन त्यांच्याकडे आला होता.

“साहेब, लिफ्टला लिफ्टच म्हणा ना.”

“नवा शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही.”

“रुळू द्या की! मी कुठे नाही म्हणतोय? बोर्डावर लिहा, कागदावर लिहा. पण आग लागल्यावर नको.”

वाद मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांपर्यंत गेला. बाईंना दुसरी शंभर कामं होती. “पर्याय म्हणतात तसं ठेवा, आणि रंगीत तालीम घेऊन बघा,” म्हणून त्यांनी विषय मिटवला. सेफ्टीवाला ‘मॉक ड्रिल’ म्हणत होता. बाईंच्या तोंडून ‘रंगीत तालीम’ आल्यावर पर्यायांना उगीचच जिंकल्यासारखं वाटलं होतं.

तर आज ती तालीम होती. पास झाली तर सूचना कायमची बसणार. आणि नाही झाली तर? हा विचार मनात आला की पर्याय उठत, दारापर्यंत जात, परत येत. शेवटी टेबलाशी बसवेना म्हणून ते दुसऱ्या मजल्यावर, जिथे तपासणीसाठी लोक बाकांवर बसलेले असत, तिथे जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. पेशंट बाकावरून हलवायचे नव्हते. फक्त सोबत आलेल्यांना, कशासाठी ते न सांगता, सूचना ऐकून बाहेर पडायला सांगितलं होतं.

घंटा झाली. कर्णा खरखरला आणि एका गोड आवाजात पर्यायांचं मराठी वाजू लागलं.

“कृपया लक्ष द्या. इमारतीत आपत्कालीन परिस्थिती उद्भवली आहे. उद्वाहनाचा वापर टाळावा. निकटच्या निर्गमन मार्गाने सुरक्षित स्थळी प्रस्थान करावे.”

लोकांनी लक्ष दिलं. एकमेकांकडे पाहिलं. काही तर नुसतेच बसून राहिले. मग एक बाई उठली आणि सरळ लिफ्टकडे निघाली. ती निघाली म्हणून दुसरे निघाले. बघता बघता सगळी गर्दी लिफ्टच्या दारात. दार उघडलं, माणसं कोंबून आत शिरली, वजन जास्त झालं म्हणून लिफ्ट ओरडायला लागली, दार काही मिटेना, आणि बाहेर पडायला कुणी तयार होईना.

“उद्वाहन वापरू नका!” पर्याय ओरडले. “अहो, उद्वाहन सोडा!”

कुणी ढिम्म हललं नाही. उलट गर्दीतून, अगदी पुढून, एक ओळखीचा आवाज आला.

“अहो, तुम्ही तिथे काय उभे? या ना आत, होईल जागा!”

त्यांची बायको होती. विसरलेला डबा छातीशी धरून, दोन माणसांच्या मध्ये चेंगरलेली, आणि यांच्यासाठी अंग आणखी चोरून घेत असलेली.

“लिफ्ट सोडा!” सेफ्टीवाला मागून गरजला. “जिन्याने उतरा, जिन्याने!”

लिफ्ट भराभर रिकामी झाली. बायकोही जिन्याकडे वळली. जाताना तिने डबा त्यांच्या हातात दिला. “आमटी सांडली असेल,” एवढंच म्हणाली.

सेफ्टीवाल्याने टोमणा मारला नाही. तो मारला असता तर पर्यायांना भांडता तरी आलं असतं. “उद्यापर्यंत नवीन द्या, साहेब,” म्हणून तो खाली गेला.

संध्याकाळी घरी येऊन पर्यायांनी मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, खिडकीशी गेले, परत आले. ‘लिफ्ट’ लिहिताना हात जरा अडखळला. ‘जिना’ लिहिताना मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली. साधा, घरातला शब्द. तो कुठे मागावा लागत नव्हता की घडवावा लागत नव्हता, आणि तरी तो आपल्याला सुचला नव्हता. मग त्यांनी बायकोला बोलावलं आणि वाचून दाखवलं.

“इमारत रिकामी करायची आहे. लिफ्टमध्ये जाऊ नका. जिन्याने खाली उतरा आणि सुरक्षित स्थळी थांबा. कळलं?”

“हो, छान झालंय.”

“छान राहू दे. काय कळलं ते सांग.”

ती गोंधळली. “लिफ्टने जायचं नाही, जिन्याने उतरायचं. आणि मग… सुरक्षित स्थळी म्हणजे कुठे हो?”

कुठे? ते पर्यायांनाही ठाऊक नव्हतं. सेफ्टीवाल्याला फोन लावला. “पार्किंगमध्ये,” तो म्हणाला.

“वाहनतळ लिहिलं तर कळेल तुला?” त्यांनी भीत भीत बायकोला विचारलं.

“न कळायला काय झालं? गावभर बोर्ड आहेत.”

एवढ्याशा गोष्टीने त्यांना केवढा धीर आला! ‘वाहनतळावर थांबा’ असं त्यांनी ठळक लिहिलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “इतकी वर्षं तुला लिहिलेलं वाचून दाखवतोय. कळत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?”

“मला वाटायचं, माझंच डोकं कमी,” ती म्हणाली. सहज म्हणाली, रागाने नाही.

पर्यायांना ते फार लागलं. किती बायाबापड्यांनी आपले कागद हातात धरून हेच म्हटलं असेल आणि गप्प बसल्या असतील? ते उठून आत गेले, हॉस्पिटलसाठी आजवर लिहिलेल्या सूचनांचा गठ्ठा आणला आणि सगळ्यात वरचा कागद तिच्या हातात दिला.

“तू वाच. अडलं की थांब.”

तिने पदराने चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला आणि वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच शब्दावर ती थांबली.