मातीचा चहा

धाड गावाजवळच्या आमच्या शेतातल्या मातीत आपल्याला नवं प्रतिजैविक सापडलं, असं सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांनी बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात जाहीर करून टाकलं. मी, त्यांचा विद्यार्थी, ते तपासून पाहिलं. ते बनवणाऱ्या त्यांच्या जिवाणूभोवती साधे जंतू वाढेनात, पण स्ट्रेप्टोमायसिन या जुन्या प्रतिजैविकाला न जुमानणारे थेट त्याला चिकटून वाढले.

"सर, हे जुनंच औषध असावं," मी चाचरत म्हणालो.

"काऊन बे, आता तू मले शिकवून राह्यला?"

सर बशीत आठवड्यात उगवतील तेवढेच जिवाणू उचलत. असे जिवाणू जगभर आधीच चाळून झाले होते. सूक्ष्मदर्शकात मात्र त्याच मातीत असे असंख्य जिवाणू दिसत, जे सरांच्या पौष्टिक खाद्यावर उगवतच नसत. म्हणून मी माती उकळून गाळलेल्या पाण्यात ते थिजवण्यापुरती नुसती अगरची पूड घालून बशा केल्या आणि महिनाभर ठेवल्या.

"मातीचा चहा उकळून राह्यला हा!" सर सगळ्यांसमोर हसले.

शेवटी भिंगातून टाचणीच्या टोकाहून बारीक, जिवाणूंचे ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी बशा धुतलेल्या होत्या.

"रिकाम्याच होत्या ना बे," सर म्हणाले. भिंग शेजारीच पडलं होतं.

संध्याकाळी नव्या औषधावर त्यांचं भाषण झालं. मी पहिल्या रांगेत बसलो आणि टाळ्या वाजवल्या नाहीत.