टॉवर गेला असेल

डिंगोऱ्यात फोनचं नेटवर्क जाणं ही तक्रार करण्याची गोष्ट नाही. लाईट गेली की टॉवर जातो, आणि आला की आला. म्हणून त्या आठवड्यात माझ्या फोनवर फुली दिसली, तेव्हा मी तो फळीवर ठेवला आणि मिरच्यांची देठं काढायला बसले.

"टावर गेला आसंल," नवरा खाटेवरून म्हणाला. त्याचा फोन दुसऱ्या कंपनीचा, तो चालू होता. त्याचाही आम्ही विचार केला नाही.

त्याला अर्धांगवायू झाल्यावर आम्ही ट्रक विकला. आलेले चार लाख वीस हजार माझ्या खात्यात होते. आळेफाट्याला खाणावळीसाठी गाळा ठरला होता, आधीच्या माणसाच्या भट्ट्या-भांड्यांसकट. गाळामालक शेठजींना पन्नास हजार बयाणा दिला होता. उरलेले महिनाअखेरपर्यंत दिले नाहीत तर बयाणा बुडणार, असं लिहून दिलं होतं. घरात दुसरी कमाई नव्हती.

आठवड्याभराने शेठजींसाठी डीडी काढायला फाट्यावर उतरले. सगळ्यांचे फोन वाजत होते, माझ्या फोनवर मात्र फुलीच. बँकेत पासबुक भरून घेतलं. शिल्लक अकराशे.

मॅनेजर तरुण होते. त्यांनी आधी खातं गोठवलं, मग माझ्याकडून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करवला आणि पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं. पैसे चार खात्यांतून फिरून एटीएममधून केव्हाच निघाले होते.

"ताई, ओटीपी कुणाला सांगितला?"

"आलाच नाही तर सांगू काय?"

"सिस्टीमला दिसतंय. तुमच्या कार्डाचा नंबर वापरलाय, ओटीपी गेला, बरोबर टाकला गेला. पैसे गेल्याचे मेसेजही तुमच्याच नंबरवर गेले. तीन कामाच्या दिवसांत कळवलं असतं तर वेगळं होतं. आता आठवडा उलटलाय."

"साहेब, फोन बंद होता."

"मग दुकानात का नाही गेलात?"

"नेटवर्क गेलं म्हणून डिंगोऱ्याचा माणूस दरवेळी दुकानात गेला, तर गावात कोण राहील?"

ते हसले नाहीत. मीही हसवण्यासाठी बोलले नव्हते.

समोरच्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार जुन्नरचा, आमच्या ट्रकवर त्याचे मामा क्लीनर होते. त्याने सिम काढून आपल्या फोनमध्ये घातलं, मग परत काढलं.

"भाभी, हे सिम मेलंय. तुमच्या नावावर कुणीतरी दुसरं काढलंय. नवं सिम निघालं की एक दिवस मेसेज बंद असतात. दुसऱ्या दिवशी चालू होतात."

पैसे दुसऱ्याच दिवशी गेले होते. मधला तो एक दिवस मी मिरच्या निवडत होते.

सिम कधी आणि कोणत्या शहरात बदललं, हे मोबाइल कंपनीकडून लिहून मिळवायला मी नारायणगाव, पुणे असे खेटे घातले. नवऱ्याला शेजारणीच्या भरवशावर सोडायचं, संध्याकाळी येऊन त्याची चादर बदलायची. तो विचारायचा, "झालं का?" बोलणं अडखळत यायचं, पण हे दोन शब्द नीट यायचे. एका रात्री मी त्याच्यावर ओरडले. मग त्याने विचारणं बंद केलं, ते जास्त वाईट होतं.

शेवटी मिळालेला तो कागद मॅनेजरसमोर ठेवला.

"मेसेज माझ्या नंबरवर गेले, मान्य. पण नंबर माझ्याकडे होता का? मला कळलं तुमच्या काउंटरवर, आणि त्याच दिवशी मी कळवलं. तुमचे तीन दिवस तिथून मोजा."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "कार्डाचा नंबर त्यांना कुठून मिळाला?"

"ते मी सिद्ध करायचं की बँकेने?"

"बँकेने," ते हळू म्हणाले. "मी वर पाठवतो."

थोड्या दिवसांनी रक्कम खात्यात दिसू लागली. दिसायची, पण काढता येत नव्हती. चौकशी संपेपर्यंत रोखून ठेवलेली. पासबुक घेऊन मी शेठजींकडे गेले. महिना संपला होता.

"शेठजी, हे बघा. पैसे आहेत."

"आहेत वहिनी. पण द्याल कसे?" त्यांनी चहा मागवला. "मी पंधरा दिवस थांबलो. मलाही माझ्या दुकानात माल भरायचाय."

चहा प्यायला. त्यांच्यावर राग धरण्यासारखं काही नव्हतं.

चौकशीला जवळपास तीन महिने लागले. माझी चूक नाही, असं बँकेने लेखी दिलं आणि रक्कम मोकळी केली. बुडालेल्या बयाण्याचं विचारलं, तर मॅनेजर म्हणाले, तो व्यवहार बँकेशी नव्हता. बरोबरच होतं. चोरीचं नुकसान बँकेने सोसलं, वाट बघण्याचं मी.

गाळ्यात आता टायरचं दुकान आहे. मी घरीच मसाले कुटते, नवऱ्याच्या खाटेशेजारी. फोन समोर ठेवलेला असतो. फुली दिसली की मी मुसळ खाली ठेवते आणि माझ्याच कंपनीचा फोन असलेल्या शेजारणीच्या दारात जाऊन विचारते, तुझ्याकडे आहे का गं नेटवर्क?