पत्त्यावरच द्यायचं पत्र

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे कुवेतमध्ये, मिरकाबच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. गावाहून सुनंदाताईचा फोन. दुपारच्या वेळी ती कधी करत नाही, म्हणून बाहेर येऊन उचलला. ती म्हणाली, "अण्णा गेले रे. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत." आणि खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आता ईशानला कोण सांगणार. माझा बाप गेला होता आणि मी विचार करत होतो माझ्या मुलाचा, कारण गेली तीन वर्षं अण्णा माझे कमी आणि त्याचेच जास्त होते. विमान मिळून, मुंबईहून गाडी करून गुहागरजवळच्या आमच्या गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

अण्णा गावचे पोस्टमास्तर. त्या काळी आमच्या पट्ट्यातले अर्धे पुरुष आखातात, आणि मागे राहिलेल्या बायाबापड्यांना लिहितावाचता येत नसे. संध्याकाळी आमच्या पडवीत रांग लागायची. अण्णा पत्र वाचून दाखवायचे, मग उत्तर लिहायचे. कुणी "त्याला सांगा, माझा जीव लागत नाही" असं सुरू केलं की अण्णा पेन खाली ठेवायचे. "ते त्याला ठाऊक आहे. गाय व्याली का? छपराचं काय केलं? ते सांगा." त्यांचं म्हणणं, पत्रात दिवस पाहिजे. दिवस नीट लिहिला की बाकीचं ज्याचं तो समजतो. हमीदभाईची आई यायची, तिचा हमीद तेव्हा नुकताच कुवेतला लागलेला. त्याला अण्णा तिच्या वतीनं लिहायचे, 'सकाळी काय खातोस, भात कोण शिजवतो, दुपारी सावली मिळते का.' मी खांबाला टेकून ऐकायचो. आणि मी पुण्याला हॉस्टेलवर गेलो तेव्हा मला काय आलं? पोस्टकार्ड. 'इकडे सर्व क्षेम. अभ्यास करणे.' गावातल्या प्रत्येक मुलाला माझ्या बापानं विचारलं जेवलास का म्हणून, एक मी सोडून. मीही मग लिहिणं सोडलं. पुढे फोन आले. "बरा आहेस ना? ठेवतो." संपलं.

ईशान आठ वर्षांचा असताना सुट्टीत गावी गेला आणि अण्णांनी त्याला पत्र लिहायला शिकवलं. आमचा हा मुलगा फिंतासच्या घरात मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारा! पण अण्णांनी कागद दुमडून समास पाडायला शिकवला, उजवीकडे वर गाव आणि तारीख, मग 'तीर्थरूप आजोबांस साष्टांग नमस्कार', मग सकाळपासून क्रमानं दिवस, शेवटी एक प्रश्न. प्रश्न असलाच पाहिजे, नाहीतर समोरच्यानं उत्तर कशाला द्यायचं? दर शुक्रवारी सकाळी हा जेवणाच्या टेबलावर बसायचा. पाच ओळींना तास लागायचा. एखादा शब्द अडला की आईला विचारायचा, मला नाही. पत्रं जायची हमीदभाईंबरोबर. खैतानला त्यांचं किराण्याचं दुकान आहे. ते स्वतः नाहीतर त्यांच्याकडचं कुणीतरी दर महिना-दोन महिन्यांनी गावी जातंच. जन्मभर टपाल सांभाळलेल्या माणसाच्या नातवाची पत्रं बिनतिकिटाची, यावर अण्णा खूश असायचे.

एक पत्र मला पाठ आहे, कारण मी ते चोरून वाचलं होतं. 'मी साडेपाचला उठतो. बस सहाला येते. बसमध्ये सगळे झोपतात. मी झोपत नाही कारण माझा स्टॉप चुकेल. डब्यात खुबूस रोटी आणि जॅम होता. ऊन फार आहे म्हणून खाली खेळत नाही. पार्किंगमध्ये गाडीखाली एक मांजर बसते. मी तिला पाणी देतो. बाबा जमियामध्ये सामान आणायला नेतात तेव्हा ट्रॉली मी ढकलतो. तुम्ही आज काय भाजी केली?' एवढंच. आणि याला अण्णांचं उत्तर दोन पानी! पडवळाची भाजी कशी केली, मांजरीचा रंग कोणता, बसमध्ये खिडकीशी बसतोस का... मी ते वाचलं आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पोटच्या पोरावर जळणारा बाप म्हणजे काय चीज असते, ते मी आरशात पाहिलंय. माझी बायको अनघा म्हणाली, "मग तुम्हीही लिहा ना." मी म्हटलं, मला वेळ नाही.

गेल्या वर्षी ईशान तापानं पडला होता आणि हमीदभाई दुसऱ्या दिवशी निघणार होते. मी म्हटलं, मी सांगतो, तू फक्त लिही. असं सांगितलं की विचारू नका. मातृभूमी काय, वाळवंट काय, आणि 'संध्याकाळी समुद्राकडे बघत बसलो की घर आठवते.' बिचाऱ्यानं कण्हत उतरवून घेतलं. मला वाटलं, या पत्रावर अण्णा भाळणार. पंधरा दिवसांनी फोन आला, माझ्या मोबाइलवर.

"पत्र मिळालं. हे ईशानचं नाही."

"अक्षर त्याचंच आहे."

"मी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लिहिली, सुधीर. अक्षर कुणाचं आणि पत्र कुणाचं, हे मला कळतं. तुला लिहायचं असेल तर तुझ्या नावानं लिही."

मी म्हटलं, मला काही लिहायचं नाहीये. ते म्हणाले, "बरं. ठेवतो." मग सहा महिने मी हट्टानं लिहिलं नाही. आणि ते गेले.

परवा, अण्णांना जाऊन महिना झाल्यावर, हमीदभाई घरी आले. रजेवरून नुकतेच परतले होते. खिशातून पाकीट काढलं, वर अण्णांचं ठसठशीत अक्षर, ब्लॉक, रस्ता, इमारत, मजला, सगळं बिनचूक. वारण्याच्या आठवडाभर आधी अण्णांनी ते हमीदभाईंच्या गावच्या घरी नेऊन दिलं होतं. मी जरा चिडूनच विचारलं, अहो, दिवसकार्याला तुम्ही रोज माझ्या शेजारी बसलात, तेव्हा का नाही दिलंत? हमीदभाई शांतपणे म्हणाले, "मास्तरांनी बजावलं होतं. पत्र पत्त्यावरच द्यायचं. पत्ता इथला आहे." आणि मग हळूच म्हणाले की आईच्या नावानं आलेली मास्तरांची पत्रं त्यांनी अजून ठेवली आहेत. इथेही मी जळलोच.

ईशाननं पाकीट ओढून घेतलं, उघडलं, आणि त्याचा चेहरा पडला. "बाबा, धिस इज फॉर यू."

'चि. सुधीर यास अनेक आशीर्वाद. ईशानच्या अक्षरातले तुझे पत्र पोचले. उत्तरास उशीर झाला. समुद्राकडे बघत बसतोस हे समजले, पण किती वाजता ते लिहिले नाहीस. ऑफिसातून कधी येतोस? आल्यावर काय खातोस? चहा कोण करते? तुला ही पत्रे मी लिहायला हवी होती. तुझे सगळे मला ठाऊक आहे असे समजून चाललो. साधे लिही.'

मी तिथेच, हमीदभाईंसमोर रडलो. ईशाननं पाकीट उलटं करून झटकलं, पुन्हा आत बघितलं. "माझ्यासाठी काहीच नाही?" त्यानं विचारलं, चक्क मराठीत. त्याचे डोळे भरले होते, आणि मला, देवा रे, मला बरं वाटलं. त्याच्या खणात अण्णांची तीस-एक पत्रं आहेत. माझ्याकडे एकच.

शुक्रवारी मी टेबलाशी त्याच्या खुर्चीत बसलो. त्यानं त्याची वही दिली, समास पाडून दिला. मी उजवीकडे वर फिंतास लिहिलं, तारीख घातली, नमस्कार लिहिला आणि पुढे लिहिलं, 'अण्णा, तुमच्याशिवाय...' तो खांद्यावरून वाचत होता. माझ्या हातातून पेन घेऊन त्यानं ती ओळ खोडली.

"फीलिंग्ज नको, बाबा. आजोबांना चालत नाही. उठलास किती वाजता, ते लिही."

मी लिहिलं, 'आज सहाला उठलो. चहा मीच केला.'